जागेचा दर

थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात एन्थाल्पी येते ती न कळवता. आदल्या पानापर्यंत अंतर्गत ऊर्जा, दाब, आकारमान, तापमान अशी ओळखीची मंडळी आपापल्या जागी बसलेली असतात. पान उलटलं की चौकटीत एक सूत्र दिसतं, H = U + PV, आणि खाली एक ओळ: हिला एन्थाल्पी म्हणतात. का म्हणतात, कशासाठी म्हणतात, U चांगली एकटी सुखात होती तिला हा PV कुणी जोडून दिला, याचा खुलासा नाही. आणखी दोन पानांनी लेखक सांगतो की स्थिर दाबावर दिलेली उष्णता म्हणजे एन्थाल्पीतला बदल. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि नोकरीला लागतो.

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला मी थर्मो शिकवत असे तेव्हा मागच्या बाकावरून एक प्रश्न आला होता. "सर, U मध्ये PVच का मिळवायचं? PT का नाही?" वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला. PT मिळवता येत नाही, कारण दाब गुणिले तापमान हे जूलमध्ये बसत नाही. पण हे उत्तर म्हणजे पोलिसानं कागदपत्रं तपासून सोडून देण्यासारखं झालं. खरं उत्तर असं की PV आपण मिळवलेलंच नाही. ते पहिल्या नियमातून आपोआप बाहेर येतं. आपण फक्त दोन पदं शेजारी बसवतो. ते कसं, हे बघायला एक सिलिंडर आणि एक पिस्टन पुरतो.

अभ्यासक्रमातला पिस्टन हा फार सत्शील प्राणी आहे. त्याला वजन नाही, घर्षण नाही, तो तिरका होत नाही, कडेनं गळत नाही. वर्कशॉपमध्ये असा पिस्टन मी अजून पाहिलेला नाही. पण हिशेब समजून घ्यायला तो उत्तम आहे, कारण तो स्वतःसाठी काहीच ठेवत नाही. आतून जे मिळेल ते बाहेर पोचवतो.

समजा, अशा पिस्टनचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे तळहाताहून थोडं मोठं. खाली 1 ग्रॅम पाणी, 100 अंश सेल्सिअसला, उकळायच्या बेतात. पाणी इतकं थोडं की तळाशी त्याचा थर साधारण 0.1 मिलिमीटरचा, वहीच्या पानाएवढा. पिस्टन त्या थरावर टेकलेला. वर काहीही ठेवलेलं नाही, असं पुस्तक म्हणतं. पण वर हवा आहे. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब 101.325 किलोपास्कल असतो. एवढ्याशा पिस्टनवर त्याचा भार निघतो सुमारे 1013 न्यूटन, म्हणजे 103 किलो वजनाचा. आपल्या पुस्तकी पिस्टनच्या डोक्यावर एक धष्टपुष्ट माणूस उभा आहे. तो दिसत नाही एवढंच.

आता खालून उष्णता द्या. पाण्याची वाफ व्हायला लागते, पण तापमान 100 अंशांवरच राहतं. सगळं पाणी संपेपर्यंत किती उष्णता लागली, ते स्टीम टेबलमध्ये छापलेलं आहे: 1 ग्रॅमला 2256 जूल. हा आकडा बहुतेकांच्या तोंडी असतो. तो गेला कुठे, हे मात्र विचारायचं राहून जातं.

त्यातले 2087 जूल पाण्याच्या रेणूंना एकमेकांपासून तोडण्यात गेले. ही अंतर्गत ऊर्जेतली वाढ. उरले 169 जूल. ते ना वाफेत सापडत, ना सिलिंडरच्या भिंतीत. ते वर गेले. 1 ग्रॅम पाणी 100 अंशांना जेमतेम 1 मिलिलिटर जागा व्यापतं. त्याची वाफ झाली की तिला 1.67 लिटर लागतात. म्हणून पिस्टन 16.7 सेंटिमीटर वर सरकला आणि डोक्यावरचा तो 103 किलोचा अदृश्य माणूस तेवढाच वर उचलला गेला. 1013 न्यूटन गुणिले 0.167 मीटर, झाले 169 जूल. आपण रोज चहाच्या आधणातून वाफ उडवतो तेव्हा नकळत आभाळ थोडं वर उचलत असतो. रुपयातले साडेसात पैसे त्यात जातात.

हा जो साडेसात पैशांचा खर्च, तो जागेचा आहे. मुंबईत घर घेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सामान कितीही असो, ते ठेवायला जागा लागते आणि जागेला दर असतो. दर गुणिले क्षेत्रफळ म्हणजे किंमत. वाफेचंही तसंच, फक्त ती चौरस फुटात नाही, घनमीटरमध्ये जागा घेते आणि दर ठरवतो तो दाब. दाब म्हणजे दर चौरस मीटरला किती न्यूटन, असं आपण शिकतो. पण वरखाली मीटरनं गुणलं की तोच दाब दर घनमीटरला किती जूल असा वाचता येतो. 101 किलोपास्कल म्हणजे 1 लिटर जागेला 101 जूल. वाफेनं 1.67 लिटर जास्तीची जागा घेतली, बिल झालं 169. पास्कलकडे एकदा असं पाहिलं की PV हे गूढ अक्षर राहत नाही. ते घेतलेल्या जागेची चालू दरानं किंमत होऊन बसतं.

आता पहिला नियम. इंजिनिअरिंगच्या रिवाजानं तो असा लिहितात:

Q − W = U₂ − U₁

आत आलेली उष्णता Q, आतून बाहेर गेलेलं काम W, उरलेलं अंतर्गत ऊर्जेत जमा. रसायनशास्त्राची मंडळी कामाचं चिन्ह उलटं धरतात आणि दोन्ही विभागांचे विद्यार्थी एका खोलीत राहत असतील तर रात्री वाद होतात. निष्कर्ष दोन्हीकडे एकच निघतो.

पिस्टननं केलेलं काम म्हणजे प्रत्येक छोट्या सरकण्याला त्या क्षणीचा दर गुणिले तेवढी जागा, या सगळ्यांची बेरीज. दर मध्येच बदलत असेल तर ही बेरीज करायला दाब आणि आकारमानाचा पूर्ण आलेख हवा, त्याखालचं क्षेत्रफळ काढायला हवं. पण दर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असेल तर P बेरजेच्या बाहेर येतो आणि काम उरतं एवढंच:

W = P(V₂ − V₁)

ते वर ठेवलं की

Q = (U₂ − U₁) + P(V₂ − V₁)

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पुढची पायरी दिसायला क्षुल्लक आहे, आणि एन्थाल्पीचा जन्म तिथेच आहे. दाब सुरुवातीलाही P आणि शेवटीही P असल्यामुळे कंस सोडून दोनाचे आकडे एकीकडे आणि एकाचे दुसरीकडे मांडता येतात:

Q = (U₂ + PV₂) − (U₁ + PV₁)

दोन्ही कंसांत तीच जोडी आहे. तिला H म्हटलं की Q = H₂ − H₁. PV कुणी मिळवलं, या प्रश्नाचं उत्तर हे. पिस्टन वर उचलायचा खर्च होता, तो आरंभीच्या आणि शेवटच्या जागेच्या किमतींतला फरक म्हणून लिहिता आला आणि प्रत्येक किंमत आपापल्या U शेजारी जाऊन बसली.

एवढ्या मांडामांडीनं काय साधलं, असं कुणी म्हणेल. साधलं ते मोठं आहे. उष्णता ही पदार्थाजवळ साठवलेली वस्तू नव्हे. 'या वाफेत किती Q आहे' हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण Q वाटेवर अवलंबून असतो. पण U, P आणि V हे तिन्ही त्या त्या क्षणीच्या अवस्थेचे गुण आहेत, म्हणून H सुद्धा अवस्थेचा गुण आहे. दाब स्थिर ठेवला की वाटेवर अवलंबून असलेली उष्णता एकदम दोन अवस्थांतल्या वजाबाकीनं मिळते. म्हणूनच स्टीम टेबलमध्ये H चा रकाना असतो, Q चा नसतो. गिब्जनं 1870च्या दशकातल्या आपल्या दीर्घ निबंधात या राशीला सरळ 'स्थिर दाबासाठीचं उष्णता-फल' म्हटलं होतं. एन्थाल्पी हे नाव नंतर कामरलिंग ऑनेसनं दिलं. हेलियमचा द्रव करून दाखवणारा तोच हा.

एक गंमत मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हाच पिस्टन महाबळेश्वरला नेला तर? तिथे उंचीमुळे हवेचा दाब साधारण 86 किलोपास्कल, म्हणजे जागेचा दर पंधरा टक्क्यांनी स्वस्त. पाणी 95 अंशांच्या आसपास उकळतं. वाटेल की जागेचं बिल चांगलंच कमी येईल. पण दर स्वस्त झाला की वाफ ऐसपैस पसरते, 1 ग्रॅमला जवळजवळ 1.95 लिटर घेते. 86 गुणिले 1.95, बिल 168 जूल. समुद्रकाठीही 169 होतं. स्वस्ताई झाली म्हणून घर मोठं घेतलं आणि खर्च होता तिथेच राहिला. वाफ इथे बरीचशी आदर्श वायूसारखी वागते, आदर्श वायूत PV हे फक्त तापमानावर ठरतं, आणि तापमान काही फार उतरलेलं नाही. त्याचा हा परिणाम.

या जागेच्या खर्चावर एका माणसानं फार मोठी झेप घेतली होती. जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावचा युलिउस रॉबर्ट मायर पेशानं डॉक्टर. डच जहाजावर वैद्य म्हणून जावाला जाऊन आला होता. उष्णता आणि काम ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, या कल्पनेनं त्याला झपाटलं, आणि 1842 साली त्यानं त्यांचा आपसातला भाव काढून प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यानं नवा प्रयोग केला नाही. हवा बंद भांड्यात तापवली तर कमी उष्णता लागते आणि पसरायला मोकळीक देऊन तापवली तर जास्त, हे तेव्हा मोजलेलं होतं. आजच्या आकड्यांत 1 किलो हवेला एका अंशाला बंद जागेत 0.718 किलोजूल आणि स्थिर दाबावर 1.005. मायर म्हणाला, हा वरचा फरक दुसरीकडे कुठे जाणार? तो डोक्यावरचं वातावरण ढकलण्यातच गेला. मग उष्णतेचा फरक एका बाजूला आणि ढकलण्याचं काम दुसऱ्या बाजूला ठेवून त्यानं उत्तर काढलं: पाणी एका अंशानं तापवायला लागणारी उष्णता म्हणजे तेवढंच वजन 365 मीटर खाली पडण्याचं काम. आजचं उत्तर 427 मीटर आहे. तर्क बरोबर होता, त्या काळी मोजलेली हवेची विशिष्ट उष्णता तेवढी अचूक नव्हती. आपल्या पिस्टनचा हिशेब त्यानं उलटा चालवला होता, असं म्हणायला हरकत नाही.

आता जिथे माणसं घसरतात ती ठिकाणं.

पहिलं ठिकाण खुंट्यांचं. परीक्षेला आवडणारा सिलिंडर असा असतो: पिस्टनवर वजन आहे, पण सुरुवातीला तो आतल्या खुंट्यांवर टेकलेला आहे. आत 1 लिटर हवा, दाब 100 किलोपास्कल. पिस्टन हलायला 200 किलोपास्कल हवेत. आकारमान 2 लिटर होईपर्यंत उष्णता दिली. किती दिली? विद्यार्थी वरचं वजन पाहतो, स्थिर दाब असं मनाशी म्हणतो आणि Q = H₂ − H₁ लिहून मोकळा होतो. आपण मोजू. पहिल्या टप्प्यात पिस्टन जागचा हलतच नाही, दाब 100 वरून 200 होतो, काम शून्य. दुसऱ्या टप्प्यात 200 किलोपास्कलला 1 लिटर जास्तीची जागा घेतली, काम 200 जूल. म्हणून Q म्हणजे अंतर्गत ऊर्जेतली वाढ अधिक 200. आणि H मधला बदल? शेवटची PV 400, सुरुवातीची 100, म्हणजे अंतर्गत ऊर्जेतली वाढ अधिक 300. शंभर जूल जास्त आले. ते आले कुठून?

ते पहिल्या टप्प्यातून आले, आणि कुणीही दिलेले नाहीत. तेव्हा जागा 1 लिटरच राहिली, फक्त तिचा दर दुप्पट झाला. शेजारी मेट्रो आली म्हणून जुन्या घराची किंमत वाढते, त्यासाठी मालकाच्या खिशातून एक पैसाही जात नाही. H मध्ये अशी कागदावरची वाढ धरली जाते, Q मध्ये नाही. गणितात ती VdP या पदात दिसते, dH = dQ + VdP. दाब स्थिर असेल तर हे पद शून्य होतं, आणि तेव्हाच H आणि Q यांचे हिशेब जुळतात. घसरलोय हे ओळखायची खूणही सोपी आहे. दाब उभ्या अक्षावर आणि आकारमान आडव्या अक्षावर घेऊन वाट काढून पाहा. रेषा पूर्ण आडवी असेल तर Q = ΔH बेधडक लिहा. कुठेही उभी किंवा तिरकी झाली की तेवढ्या तुकड्याला परत पहिल्या नियमाकडे जा.

दुसरं ठिकाण याहून हास्यास्पद आहे, आणि हुशार मुलंही तिथे सापडतात. ती ΔH बरोबर काढतात, आणि पिस्टननं काम केलंय ना, मग ते राहून जायला नको, अशा सद्भावनेनं W परत मिळवतात. पिस्टनचं काम H मध्ये आधीच बसलेलं आहे, त्यासाठीच तर तिला जन्माला घातलं. जागेची किंमत एकदाच द्यायची असते. मिळवायचं झालंच तर ते दुसऱ्या जातीचं काम. आत पंखा फिरवून बाहेरून ढवळलं, किंवा आत बॅटरी असून तिनं बाहेरचा दिवा लावला, तर ते काम जागेचं नाही, H ला त्याची खबर नाही. त्याचा हिशेब वेगळा लिहावा लागतो. म्हणून Q = ΔH ला दोन अटी आहेत: दाब स्थिर, आणि पिस्टन सरकण्याखेरीज दुसरं काम नाही.

मध्येच पिस्टन धक्के खात वर गेला, आतला दाब क्षणभर वरखाली झाला, तर काय, असं एखादा चोखंदळ विचारतो. वातावरणाचा भार तोच राहिला आणि सुरुवातीला आणि शेवटी पिस्टन शांत उभा असून आतला दाब बाहेरच्याइतका असला, तर बिल तेच येतं. वातावरण वर किती उचललं गेलं एवढंच ते पाहतं, कसं उचललं हे विचारत नाही.

आणि शेवटी, हा खर्च नेहमी आपल्याच खिशातून जातो असंही नाही. स्वयंपाकघरात पाइपानं येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. 1 मोल मिथेन आणि 2 मोल ऑक्सिजन जळून 1 मोल कार्बन डायऑक्साइड आणि 2 मोल पाणी होतं. सगळं 25 अंशांना परत आणून पाण्याचा द्रव होऊ दिला, तर वायूचे तीन मोल होते तिथे एकच उरतो. जागा रिकामी झाली. वातावरण खाली येतं आणि ती किंमत परत करतं. बंद पोलादी भांड्यात, ज्याला बॉम्ब कॅलरीमीटर म्हणतात, जाळलं तर 1 मोलमागे 885 किलोजूल उष्णता मिळते, कारण तिथे आकारमान स्थिर असतं, काम नसतं आणि मोजला जातो तो U मधला बदल. उघड्या हवेच्या दाबाला जाळलं तर 890. वरचे पाच आभाळानं दिले.

म्हणून उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. Q = ΔH लिहिणाऱ्याला घाईनं पूर्ण गुण देऊ नका. शेजारी 'दाब स्थिर, दुसरं काम नाही' असं लिहिलेलं नसेल तर अर्धा गुण कापा, आणि ते लिहूनही ज्यानं W परत मिळवला असेल त्याचा पूर्ण कापा.